बेळगाव अधिवेशनातील सही: प्रतिमेवरून दाब आणि ओघ कसा पारखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुन्या सह्या पारखण्याचे काम करणाऱ्याच्या हाती कधी ना कधी गांधीजींची सही येतेच. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीत भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव अधिवेशन होते, आणि आजोबा तिथे स्वयंसेवक होते असे सांगणारी घरे इथे आजही भेटतात. निपाणीकडच्या अशाच एका कुटुंबाने मला संग्रहवहीतील एका पानाचे छायाचित्र पाठवले होते. पानावर निळसर काळ्या शाईत गांधीजींची इंग्रजी सही होती आणि खाली बेळगाव हे गावाचे नाव व अधिवेशनाची तारीख होती. या एका पानाची तपासणी कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण नवोदित बहुधा अक्षरांच्या आकाराकडे पाहतात, आणि आकार हीच नक्कल करणाऱ्याला सर्वांत सहज साधणारी गोष्ट असते.

प्रतिमेत दाब प्रत्यक्ष दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. टाकाने किंवा फाउंटन पेनने लिहिताना हात खाली येतो तेव्हा निबेच्या दोन जिभा किंचित फाकतात आणि रेघ रुंद व गडद होते. हात वर जातो तेव्हा त्या मिटतात आणि रेघ बारीक व फिकी होते. वेगाने लिहिणाऱ्याची निब कागदावर टेकण्यापूर्वीच हात चालू लागलेला असतो आणि कागद सोडतानाही तो थांबत नाही, म्हणून रेघेची टोके निमुळती होतात. सही पाहून पाहून काढणारा माणूस मात्र प्रत्येक वळणापाशी क्षणभर विचार करतो. तेवढ्यात शाई साचते, कागद मऊ असेल तर ती तंतूंमध्ये फुटते, आणि रेघेच्या मध्येच, जिथे थांबण्याचे काही कारण नाही अशा जागी, गडद ठिपका उमटतो. त्याच्या रेघेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असते आणि टोके बोथट असतात. रेघ नळातून सोडलेल्या पाण्यासारखी एकाच धारेने आलेली दिसली, तर तिच्यात हाताचा चढउतार नाही असे समजावे.

हे सर्व वाचण्याआधी प्रतिमा वाचण्याजोगी आहे का ते ठरवावे लागते. निपाणीहून आलेले पहिले छायाचित्र व्हॉट्सॲपवरून आले होते. अशा चित्रात रेघेच्या कडा चौकोनी दाण्यांनी कातरलेल्या दिसतात आणि तो हाताचा कंप आहे असा भास होतो. यावर एक साधा उपाय आहे. त्याच प्रतिमेतील छापील अक्षर किंवा पानाची आखीव रेघ तितकीच मोठी करून पाहावी. तीही थरथरलेली दिसली तर कंप सहीचा नसून प्रतिमेचा आहे. फोनमधील काही सोयी अक्षरे ठळक करण्यासाठी सगळी शाई एकसारखी काळी करून टाकतात, आणि अशा प्रतिमेतून दाबाविषयी एक शब्दही सांगता येत नाही. म्हणून मी कुटुंबाला सपाट स्कॅनरवर, रंगीत, ६०० डीपीआयवर, कडा धारदार करण्याची सोय बंद ठेवून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पान स्कॅन करण्यास सांगितले. मोजपट्टी नसेल तर ज्ञात नमुना आणि तपासायची सही एकाच मापात आणता येत नाहीत, आणि मग रेघांच्या जाडीची तुलना निरर्थक ठरते.

ज्ञात नमुने निवडताना सर्वाधिक वेळ द्यावा. गांधी हेरिटेज पोर्टलवर हस्तलिखितांच्या प्रतिमा पाहता येतात, पण दिसेल ती सही उचलून चालत नाही. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत. ‘हिंद स्वराज’च्या १९०९ च्या हस्तलिखिताची सुमारे चाळीस पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली आहेत. डाव्या हाताचा दाब वेगळ्या दिशेने पडतो, त्यामुळे तसा नमुना उजव्या हाताच्या सहीशेजारी ठेवला तर खरी सहीही खोटी वाटेल. तब्येतीचाही विचार हवा. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीत त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. या काळातील सहीत कंप आढळला तर तो अशक्तपणाचा असू शकतो. अशक्त हाताची रेघ डगमगते, पण कुठे जायचे ते तिला ठाऊक असते आणि शेवटी ती बेफिकीरपणे सुटते. नकलेतील कंप अवघड वळणांवर वाढतो आणि सरळ भागात नाहीसा होतो. म्हणून मी नोव्हेंबर १९२४ पासून पुढच्या वर्षभरातले, शाईने लिहिलेले, मूळ कागदावरून घेतलेले नमुने निवडले आणि वर्तमानपत्रात छापलेल्या सह्या वगळल्या, कारण छपाईच्या ठिपक्यांत रेघेची जाडी टिकत नाही. आठ-दहा नमुने शेजारी मांडले की एकाच माणसाची सही किती बदलते याचा अंदाज येतो, आणि तुलना त्या संपूर्ण पल्ल्याशी करायची असते.

निपाणीच्या पानावरील सहीत मी प्रथम ‘डी’ या अक्षराची उभी दांडी पाहिली. निवडलेल्या नमुन्यांत वर जाणारी रेघ बारीक आणि उतरणारी जाड होती. इथे दोन्ही सारख्याच जाडीच्या होत्या. ‘जी’च्या गोलाईत, वळण अर्ध्यावर असताना, शाईचा ठिपका होता. शेवटची रेघ निमुळती न होता तुटल्यासारखी संपली होती. त्याच पानावरील आखीव रेघा मात्र मोठ्या करूनही स्वच्छ आणि सरळ होत्या, त्यामुळे दोष प्रतिमेचा मानता येत नव्हता. खालची तारीख वेगाने लिहिलेली होती आणि तिच्यात चढउतार स्पष्ट दिसत होता. म्हणजे तारीख लिहिणाऱ्याचा पेन आणि कागद ठीक होते, अडखळली होती ती फक्त सही.

यानंतर मी ती सही, इंटरनेटवर वारंवार दिसणाऱ्या आणि बऱ्याच नंतरच्या काळातील, एका सहीवर अर्धपारदर्शक करून ठेवली. मापे जुळवताच अक्षरांमधील अंतरे, वळणांची उंची आणि शेवटच्या रेघेचा कोनसुद्धा एकमेकांवर बसले. कोणाचाही हात दोनदा तंतोतंत एकसारखी सही करत नाही, त्यामुळे इतका मेळ बसणे हे गिरवल्याचे लक्षण ठरते. आकार पूर्ण जुळतो आणि दाब अजिबात जुळत नाही, ही जोडी एकत्र आली की शंकेला फारशी जागा उरत नाही.

देवनागरी सह्यांसाठी हीच पद्धत थोडी बदलून वापरावी. आपल्या लिपीत अक्षरे सुटी असतात, त्यामुळे लेखणी उचललेली दिसणे हा पुरावा होत नाही. ती अक्षराच्या पोटात, जसे ‘ग’च्या वळणात, उचललेली असेल तरच थबकावे. शिरोरेघ फार बोलकी असते. सवयीने सही करणारा ती शेवटी एका झटक्यात ओढतो आणि तिचे उजवे टोक फिके होत जाते. नक्कल करणारा ती अक्षरांच्या डोक्यांना नेमकी टेकवण्याच्या प्रयत्नात तुकड्यातुकड्यांनी ओढतो.

कुटुंबाला दिलेल्या टिपणात मी ‘खोटी सही’ असे शब्द वापरले नाहीत. दिलेल्या स्कॅनवरून ही सही १९२४-२५ च्या निवडलेल्या नमुन्यांच्या पल्ल्यात बसत नाही आणि दुसऱ्या एका सहीवरून गिरवल्याच्या खुणा तिच्यात दिसतात, असे लिहिले, आणि कोणते नमुने वापरले ते सोबत जोडले. कागदावर उमटलेली निबेची चर, गिरवताना आधी काढलेली पेन्सिलीची रेघ आणि पानाच्या मागच्या बाजूचा उठाव या गोष्टी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, त्यासाठी मूळ पान तिरप्या प्रकाशात भिंगाखाली पाहावे लागते. तसे पाहण्यासाठी ते पान घेऊन या, आणि तोवर विक्रीचा व्यवहार थांबवा, एवढे टिपणाखाली लिहून मी ते पाठवले.