रंगाने चिकटलेली खिडकी उघडताना या चुका टाळा

जुन्या घरात ही खिडकी हमखास असते, लाकडी, दोन झडपांची, आतून गज लावलेली, आणि दर दिवाळीला बंद ठेवूनच ऑइल पेंट मारलेली. मावशीच्या चिपळूणच्या घरात ओटीवरची अशीच एक खिडकी होती, चांगली चार फूट उंच आणि कित्येक वर्षं उघडलेलीच नाही. मावशी म्हणाली, "अरे फोडून टाक आता, नवीन बसवू." अस्सल सागवान फोडायचं म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डाच पडला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणे. त्याचं टोक जाड असतं, सगळा जोर एका ठिकाणी येतो आणि रंग सुटायच्या आधी झडपेच्या कडेचा ढलपा निघतो. बुक्क्या मारल्या तर काच जाते. रंग आधी कापायचा, जोर नंतर.

कटर घ्या १८ एमएमवाला, बारीक ९ एमएमचा वाकतो आणि तुकडा उडतो. पातं दोनच खाचा बाहेर काढा. पहिला हात एकदम हलका, नुसती रेघ पडेल एवढाच, कारण पहिल्याच फटक्यात जोर दिला की पातं लाकडाच्या रेषेबरोबर भरकटतं आणि चौकटीवर कायमचा ओरखडा राहतो. मग त्याच रेघेतून तीन-चार वेळा फिरवा. आधी करकर आवाज येतो आणि रंग कापला गेला की पातं अलगद सरकायला लागतं, ते हाताला लगेच कळतं.

आता पातं कुठल्या दिशेने घालायचं इथे बहुतेक जण चुकतात. बाहेर उघडणारी झडप चौकटीच्या खाचेत बसलेली असते, म्हणजे फट सरळ आरपार नसते, काटकोनात वळते. आतून काम करताना पातं झडपेला चिकटवून आडवं सरकवायचं, काचेला समांतर, सरळ समोर खुपसलं तर ते झडपेच्या लाकडातच घुसतं. बाहेरच्या बाजूने मात्र सरळ आत घालायचं. आणि दोन्हीकडून कापावंच लागतं, नुसतं आतून कापून खिडकी उघडत नाही म्हणणारे खूप बघितलेत. वरच्या मजल्यावर बाहेरून हात पोचत नसेल तर शिडीवरून कसरत करू नका, सुतार बोलवा. अजून एक, काचेभोवती लावलेली पुट्टी म्हणजे फट नाही, तिथे कटर चालवला तर काच सैल होते.

कटरने वरचा थर कापला जातो, खोल चिकटलेला रंग तसाच राहतो. त्यासाठी पुट्टी लावायची पातळ, लवचिक स्टीलची पट्टी घ्या, फटीत ठेवून हातोडीने हळू टकटक करत आत घाला, काढा, दोन इंच पुढे सरका. पट्टी पिळायची नाही. एखाद्या जागी अजिबात जात नसेल तर रंग नसून खिळा असू शकतो, टॉर्च मारून बघा.

मावशीकडे एवढं सगळं केलं तरी उजवी झडप हलेना. तळहाताने कोपरे दाबून बघितले, खालचा कोपरा किंचित जायचा, वरचा दगडासारखा. म्हणजे अडकलंय ते वर. बघतो तर वरची कडी रंगाच्या थराखाली पूर्ण गाडली गेलेली, कडी आहे हेसुद्धा दिसत नव्हतं! कडीभोवती कटर फिरवला, तेलाचे दोन थेंब सोडले, अर्ध्या तासाने मागेपुढे करत ती खाली आली. मग लाकडी ठोकळ्याला फडकं गुंडाळून झडपेच्या चौकटीवर, काचेपासून लांब, दोन टोले दिले आणि झडप कडकड करत सुटली. दोन झडपांमध्ये कुठली आधी उघडते तेही बघून घ्या, बाहेरून जिची पट्टी दुसरीवर बसलेली दिसते ती आधी, उलट केलं तर कितीही ढकला.

पावसाळ्यात हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, रंग कापूनही झडप अडकते आणि आपल्याला वाटतं अजून कापायला हवं.

रंगाच्या भुग्याकडे दुर्लक्ष करू नका प्लीज. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांमध्ये शिसं भरपूर असू शकतं. मास्क लावा, फटीवर पाणी फवारून कापा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, खाली जुना पेपर अंथरा आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. कोरडा पॉलिशपेपर तर नकोच.

उघडल्यावर कडांवरचे रंगाचे गोळे ओले करून खरवडा आणि मेणबत्ती घासा. पुढच्या वेळी रंग देताना खाचेत जाड थर देऊ नका आणि झडपा उघड्या ठेवूनच वाळवा. हाताला कोरडा लागला तरी ऑइल पेंट आतून बरेच दिवस मऊ असतो, म्हणून पहिला आठवडाभर रोज एकदा उघडझाप करा.