फ्लॉक्सासिन गोळ्या आणि टाचेमागची कंडरा: या चुका टाळा

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ असलेली ही सगळी अँटिबायोटिक्स फ्लुरोक्विनोलोन या एकाच गटातली. त्यांचा एक दुष्परिणाम दुर्मीळ आहे, पण झाला तर माणसाला महिनोन्महिने लंगडत ठेवतो. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा किंवा टेंडन, त्यामुळे सुजते आणि कधीकधी तुटते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला तो याचसाठी.

बहुतेक वेळा दुखते ती टाचेच्या मागची जाड अकिलीस कंडरा. प्रत्येक पावलाला शरीराचा भार तिच्यावर येतो आणि टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत असे दिसते की हे औषध कंडरेतल्या पेशींना इजा करते, कंडरेला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन नव्याने बनणे मंदावते आणि जुने कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. म्हणजे दोरीची झीज चालू राहते आणि डागडुजी थांबते. त्यामुळे उडी, धाव, पडणे असे काहीही न होता, जिना चढतानासुद्धा ती तुटू शकते.

चूक पहिली: वय, स्टेरॉइड आणि किडनी यांची बेरीज न करणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होते, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, ७२ वर्षांचे, ५८ किलो वजनाचे गृहस्थ आहेत. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा जुना आजार आहे. खोकला आणि दम वाढला म्हणून त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज एक आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम ५ दिवस मिळाले. किडनी बाहेर टाकते तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन, १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. अहवाल पाहून सगळे म्हणतात, ‘किंचितच वाढलंय.’

आता किडनी खरोखर किती काम करते याचा हिशेब करा. १४० मधून वय वजा केले की ६८. त्याला ५८ ने गुणले की ३९४४. याला ७२ गुणिले १.४, म्हणजे १००.८ ने भागले की उत्तर येते साधारण ३९. (बाईंसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणतात.) म्हणजे किडनी मिनिटाला सुमारे ३९ मिलिलिटर रक्त साफ करते आहे. लिव्होफ्लॉक्सासिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे ५० च्या खाली आले की मात्रा कमी करावी लागते: पहिल्या दिवशी ५००, नंतर रोज २५०. या गृहस्थांना मात्र रोज पूर्ण ५०० चालू राहिली. उतारवयात स्नायू कमी असतात, त्यामुळे क्रिएटिनिनही कमीच तयार होते, आणि म्हणूनच तो एकटा आकडा फसवतो.

वय ६० च्या पुढे, तोंडाने स्टेरॉइड आणि अशक्त किडनी: तिन्ही धोके एकाच चिठ्ठीत. मात्रा कमी केली असती तर तिसरा धोका हलका झाला असता, पहिले दोन तसेच राहिले असते. अशा माणसासाठी खरा प्रश्न ‘किती मिलिग्रॅम’ हा नाहीच. ‘दुसऱ्या गटातले औषध चालणार नाही का’ हा आहे, आणि तो पहिली गोळी घेण्याआधी विचारायचा.

हा गट कोणी टाळावा

या गटातल्या कोणत्याही औषधाने आधी कंडरा दुखली असेल, तर संपूर्ण गट कायमचा बंद. नाव बदलून उपयोग नाही. किडनी, हृदय किंवा फुफ्फुस यांचे प्रत्यारोपण झालेल्यांना, संधिवात असलेल्यांना आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना शक्य तोवर दुसरे औषध द्यावे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायूंची कमजोरी बळावते आणि महाधमनीला फुगा असेल तर तो फुटण्याची भीती असते, म्हणून तिथेही नको. साध्या सायनसला, ब्राँकायटिसला किंवा बायकांच्या साध्या मूत्रसंसर्गाला पहिलीच गोळी म्हणून हा गट वापरू नये, असे एफडीएने २०१६ मध्ये सांगितले. ब्रिटनच्या नियामकाने जानेवारी २०२४ पासून आणखी कडक भूमिका घेतली: नेहमीची इतर अँटिबायोटिक्स चालत नसतील तरच.

जुलाबावर जी जोडगोळी सर्रास घेतली जाते, तिच्यात ऑर्निडाझोलसोबत ऑफ्लॉक्सासिन असते. पाकिटावरचे ब्रँडचे नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचा.

चूक दुसरी: ‘कोर्स संपला, आता काय होणार?’

त्रास पहिल्या ४८ तासांत सुरू होऊ शकतो, तसा गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांनीही. मधे महिना गेला की टाचदुखीचा संबंध कोणी त्या कोर्सशी जोडत नाही. आपले गृहस्थ सातव्या दिवशी सकाळी उठतात तेव्हा टाचेच्या वर ताठरपणा असतो, दाबले की दुखते, जिना उतरताना कळ येते. कधी दोन्ही पायांना एकदम असे होते, आणि ही खूण महत्त्वाची: नुसत्या लचकण्याने सहसा एकच पाय दुखतो.

चूक तिसरी: दुखणे दाबून चालत राहणे

कंडरा दुखू लागली की पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून पर्यायी औषध घ्या. संसर्ग अर्धवट सोडायचा नाही. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगासारख्या आजारात मात्र बदल स्वतःहून करू नका, उपचार करणाऱ्यांशी तातडीने बोला. पायावरचा भार कमी करा. मालिश, पोटरी ताणण्याचे व्यायाम, ‘चालून मोकळं होईल’ म्हणून मारलेल्या फेऱ्या, यांतले काहीही नको; झिजलेली दोरी ताणायची नसते. दुखऱ्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन तर नकोच. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कळ दबते आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. शिवाय या गटासोबत त्या घेतल्यास फिटचे झटके येण्याचा धोका वाढतो.

कंडरा वाचावी म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणारेही आहेत. अँटिबायोटिकसोबत घेतल्यास मॅग्नेशियम त्याला आतड्यातच बांधून ठेवते. कंडरेचे रक्षण होईल याची खात्री नाही, संसर्ग मात्र बरा होत नाही.

चूक चौथी: ‘पाऊल हलतंय, म्हणजे तुटलेलं नाही’

अकिलीस पूर्ण तुटली तरी इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडे खाली वळते. तुटताना बहुधा ‘फट्’ असा आवाज येतो, मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, नंतर त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. हे मुद्दाम करून पाहू नका. डॉक्टर रुग्णाला पालथे झोपवतात, पावले पलंगाच्या कडेबाहेर ठेवतात आणि पोटरी दाबतात. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकते. झुकले नाही तर तुटल्याचे धरून चालतात, आणि कंडरेवर बोट फिरवले तर बऱ्याचदा खड्डाही लागतो. अशी शंका आली की पाय टेकू नका आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दाखवताना गेल्या सहा महिन्यांतल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि निदान पक्के झाले की औषधाचे नाव आपल्या कागदपत्रांवर ‘पुन्हा देऊ नये’ या रकान्यात लिहून घ्या.