स्टीलच्या बाटलीवरची झाडं कशी घालवली

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका काकांच्या दुकानासाठी स्टीलच्या बाटलीचा रेंडर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत होतो. उजेडासाठी एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंचा उजेड टिपलेला फोटो, बागेतला घेतला होता. उजेड सुरेख आला, पण चकचकीत स्टीलवर झाडं आणि आभाळाचे तुकडे उमटले. काका म्हणाले, "अरे, बाटलीला ओरखडे पडलेत का?"

मग स्टुडिओचा एचडीआरआय निवडला: दोन सॉफ्टबॉक्स दिवे, बाकी काळोख. तो 4K घेतला, कारण 1K मध्ये सॉफ्टबॉक्सच्या कडा फिसकटतात. तरीही बाटलीची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जात होती.

कारण सोपं आहे. गोल पृष्ठभाग जितका वळतो, त्याच्या दुप्पट प्रतिबिंब वळतं. बाटलीच्या मधोमध कॅमेऱ्याकडची बाजू दिसते, अगदी कडेला थेट मागची. माझा मोठा सॉफ्टबॉक्स नेमका मागे होता. `Mapping` नोडमधला `Rotation Z` 15-15 अंशांनी फिरवत तो कॅमेऱ्याच्या डावीकडे साधारण 60 अंशांवर आणला. पांढरा पट्टा मध्य आणि डावी कड यांच्या बरोबर मधे आला, मागे काळोख गेल्याने दोन्ही कडा गडद झाल्या. `Film` मधलं `Transparent` लावून पार्श्वभूमी वेगळी पांढरी ठेवली. प्रतिबिंबं त्याने बदलत नाहीत.