फोटोवरून बिबट्याचं चित्र: ठिपके जागच्या जागी कसे बसवावेत

ओळखपुस्तिकेतलं चित्र प्राणी ओळखता यावा म्हणून असतं. त्यामुळे बाह्यरेषा साधी ठेवा: बाजूने उभा बिबट्या, चारही पाय दिसणारे, तोंड मिटलेलं, शेपटी सैल. प्रमाणं घेण्यासाठी लांबून, प्राण्याच्या उंचीवरून काढलेला फोटो निवडा. जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं दिसतं.

आता खरं काम. ‘फोटो ट्रेस करा, ठिपके आपोआप येतात’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. फोटोतला बिबट्या बहुधा थोडा वळलेला असतो. पलीकडे वळणाऱ्या भागावरचे ठिपके चपटे आणि दाटीवाटीने दिसतात. ते तसेच सरळ उभ्या आकृतीवर उतरवले की कूस आत दबल्यासारखी वाटते. मला सगळ्यात जास्त झगडायला लागलं ते इथेच.

यावर उपाय म्हणजे अंगाचे कप्पे पाडणं. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून पाठीपासून पोटापर्यंत तीन रेषा काढा: खांद्यामागे, शेवटच्या बरगडीवर आणि मांडीच्या पुढे. कुशीच्या मधोमध एक आडवी रेषा घ्या. अंगाच्या गोलाईबरोबर या रेषाही वळल्या पाहिजेत. याच रेषा आपल्या आकृतीवर काढा. फोटोत अरुंद दिसणारा कप्पा इथे रुंद होईल. मग एकेका कप्प्यातली ठिपक्यांची कडी, म्हणजे काळ्या तुकड्यांनी बनलेले गोल, मोजा आणि पाठीकडून खाली, ओळीओळीने उतरवा. चपटी दिसणारी कडी कप्प्याच्या रुंदीइतकी पुन्हा उघडा. संख्या आणि शेजार मात्र बदलू नका.

कडी अखंड वर्तुळं नसतात, तुटक तुकड्यांची असतात. आतला रंग बाहेरच्या रंगापेक्षा जरा गडद असतो. आत काळे ठिपके टाकलेत तर जॅग्वार होईल. डोकं, पाय आणि पोटावर कडी नसतात, भरीव ठिपके असतात. सगळीकडे एकाच मापाची कडी दिसत असतील, तर तुम्ही फोटो बघणं सोडून सवयीने काढताय.

झाडीतल्या फोटोत पानांची सावलीही ठिपक्यासारखी दिसते. फोटो मोठा करून कड बघा. खऱ्या ठिपक्याची कड केसांच्या दिशेने किंचित विस्कटलेली असते, तर सावली केसांची दिशा जुमानत नाही.

गवताने झाकलेल्या भागासाठी त्याच बिबट्याचा त्याच बाजूचा दुसरा फोटो शोधा. एखाद्या वेगळ्या आकाराच्या कड्यावरून तोच प्राणी आहे याची खात्री होते. दुसरी बाजू उलटी करून कधीही चिकटवू नका, कारण दोन्ही कुशींची नक्षी वेगळी असते.

रंग देताना हनुवटीखालचा पांढरा भाग आधी बघा. तोच पिवळा दिसत असेल, तर संध्याकाळचा उजेड सगळ्या अंगावर चढलाय. तेवढा पिवळेपणा वजा करा.

पार्श्वभूमी कोरी. पंजांखाली फिकट करड्या रंगाची एक पट्टी पुरे.