मिलेट बिस्किटांना नाव कसं ठेवावं, ते औषध वाटू न देता

नागपुरात प्रतापनगरला राहणाऱ्या दोन जावांनी घरच्या ओव्हनमध्ये ज्वारी-नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करायला सुरुवात केली. माल चांगला होता. नाव ठेवलं ‘ग्रेनोकॅल किड्स’. पांढरं पाकीट, त्यावर हिरवं पान. पहिल्या दिवशी ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे दहा पाकिटं घेऊन गेल्या, तर त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हे मेडिकलवाल्याले द्या ना, माह्याकडं कायले ठेवता?”

त्या रागावल्या. मला मात्र दुकानदाराचं पटलं. पाकिटांचं डिझाइन करण्याचं माझं काम आहे, आणि आरोग्याच्या नावाखाली विकायला आलेल्या खाऊची अशी नावं मी बरीच पाहिली आहेत. त्या दोघींबरोबर नाव बदलताना जे केलं, तेच इथे क्रमानं सांगतो. शेवटी ठरलेलं नाव त्यांचं आहे म्हणून सांगत नाही. त्याऐवजी त्याच वळणाचं एक नाव वापरतो.

आधी नावातलं औषध शोधा

नाव औषधासारखं वाटतं ते बहुधा त्याच्या शेपटीमुळे. -कॅल, -व्हिट, -फेर, -झाइम, -ऑन ही शेपटं आपण टॉनिकच्या बाटल्यांवर आणि गोळ्यांच्या पट्ट्यांवर इतकी वाचलेली असतात की कानावर पडताच चमचा आठवतो. पुढे न्यूट्री-, प्रो-, बायो- लावलं की जोडी पूर्ण. दुसरी खूण म्हणजे नावातच दिलेलं वचन: ताकद, इम्युनिटी, केअर, शक्ती. वचन ऐकलं की आई विचारते, “किती द्यायचं?” म्हणजे खाऊचा डोस झाला. आणि मूल तर ‘केअर’ लिहिलेलं पाकीट मधल्या सुट्टीत मित्रांपुढे उघडायचंच नाही.

हे वचन नुसतं कंटाळवाणं नसतं, बऱ्याचदा खोटंही ठरतं. ‘ग्रेनोकॅल’मधलं ‘कॅल’ कॅल्शियमचं होतं, म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यांच्या बिस्किटात नाचणी होती २५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम बिस्किटांत नाचणीचं कॅल्शियम जेमतेम ८७ मिलिग्रॅम. एक बिस्किट १२ ग्रॅमचं. मुलानं दोन खाल्ली तर पोटात गेलं २१ मिलिग्रॅम. एक कप दुधात याच्या दहापट तरी असतं.

पाकिटावर ‘कॅल्शियमचा स्रोत’ असं छापायचं तर एफएसएसएआयच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम मालात रोजच्या शिफारशीच्या निदान १५ टक्के असावं लागतं. प्रौढ माणसाची शिफारस १००० मिलिग्रॅम धरली तर १५० हवं. गूळ-ज्वारीचं थोडंफार धरूनही आमची बेरीज तिथवर जात नव्हती. जे पाकिटाच्या मागे छापायची परवानगी नाही, ते पुढे नावातून कुजबुजायचं कशाला? ‘कॅल’ त्या संध्याकाळी गेलं.

‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ हे शब्दही नावात घेताना जपून. अशा विशेषणानं गिऱ्हाइकाचा गैरसमज होण्यासारखा असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे, अशी ओळ पाकिटावर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. स्वतःच्या नावाखाली स्वतःच दिलेला असा खुलासा वाचला की कुणालाही शंका येणारच.

खाणाऱ्याच्या क्षणातून शब्द गोळा करा

आता कोरा कागद घ्या आणि त्यावर फायदे लिहू नका. हा खाऊ कधी, कुठे, कसा खाल्ला जातो ते लिहा. त्या दोघींनी लिहिलं: डबा, मधली सुट्टी, शाळेची व्हॅन, आजीच्या पदराखालची मूठ, बिस्किटांची चळत रचून पाडणं, लाह्या हवेत उडवून तोंडात झेलणं, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार जाणं. अर्ध्या तासात तीसेक शब्द झाले. त्यातले चार आम्ही पुढे नेले: बोजारा, चिऊचा घास, मूठभर, लगोरी.

धान्याचं नाव मुद्दाम घेतलं नाही. ‘नाचणी’ नावात अडकवली की उद्या बाजरीची शंकरपाळी काढताना नाव आडवं येतं. शिवाय ज्या घटकावर पाकिटात जोर दिला असेल, त्याचं प्रमाण टक्क्यांत छापावं लागतं. ते छापायला लाज वाटू नये इतकं धान्य मालात असेल तर बिनधास्त छापा, पण त्याची जागा नावात नाही, नावाखालच्या ओळीत आहे.

नागपूरच्या दोन कानांवर वाजवून पाहा

पुण्यात हा टप्पा पाच मिनिटांत उरकला असता. नागपुरात मराठी घर आणि हिंदी घर एकाच मजल्यावर असतं, आणि इतवारीतला ठोक दुकानदार तुमचं नाव हिंदीतच पुकारणार. त्यामुळे प्रत्येक नाव दोन्ही कानांनी ऐकावं लागतं. आमची चारातली तीन नावं इथेच पडली.

‘बोजारा’ सगळ्यांचं लाडकं होतं. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हातावर जे पैसे किंवा खाऊ ठेवतात तो बोजारा. याहून गोड नाव काय असणार! पण समोरच्या फ्लॅटमधल्या हिंदी भाषक काकूंना ऐकवलं तर त्यांना त्यात ‘बोझ’ ऐकू आलं. आणि विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला तर हा शब्दच समजावून सांगावा लागतो. मला आजही हळहळ वाटते, पण सोडलं.

‘चिऊचा घास’ ऐकून मराठी आई विरघळते. हिंदीत मात्र घास म्हणजे गवत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ज्वारी-नाचणी गवताच्याच कुळातली, त्यामुळे हा विनोद जरा जास्तच नेमका बसत होता. ‘मूठभर’ तर कॉलेजातल्या पुतण्याला ऐकवताच तो तोंड दाबून हसत आत पळाला. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांना हिंदीत चावट अर्थ आहे आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना तो ठाऊक असतो. असं हसू सर्व्हेच्या कागदावर कधी उमटत नाही. नाव तोंडानं ऐकवावं ते यासाठीच.

उरली ‘लगोरी’. एकावर एक रचलेल्या चपट्या दगडांचा खेळ, आणि बिस्किटांची चळतही तशीच दिसते. नावात ळ नाही; हिंदी जिभेवर ळ चा ल होतो आणि रोमन लिपीत त्याला अक्षरच नाही. ‘चांदोबा’तला दंत्य च इथे नाही, जो हिंदी माणूस वेगळाच म्हणतो. Lagori असं लिहिलं तर वाचणारा सहसा अडखळत नाही. ज्याला खेळ माहीत नाही त्याला ते नुसतं गोल आवाजाचं नाव वाटतं, वाईट अर्थ लागत नाही.

शेवटची कसोटी फोनवरची. ओळखीच्या कुणाला तरी फोन करून एकदाच म्हणा, “येताना लगोरीचं एक पाकीट आण,” आणि त्याला ते लिहून पाठवायला सांगा. पाच जणांना विचारा. दोघांनी वेगळं लिहिलं तर नाव बदला. दुकानातही तोच गोंधळ होणार.

नावाखाली एक साधी ओळ

खेळाचं नाव घेतलं की उलटा धोका येतो: आत काय आहे ते कळत नाही. एका आजोबांनी कागदावरचं नाव पाहून विचारलं, “खेळणं आहे का?” म्हणून नावाखाली, नावाच्या निम्म्या आकारात, मालाचं सरळ वर्णन हवं: ‘ज्वारी-नाचणीची गुळातली बिस्किटं’. इथे ‘पौष्टिक’ लिहायचा मोह होतो. लिहू नका. काळजी घेणारे आईबाप पाकीट उलटं करून मैदा कुठे आहे ते पाहतातच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, आणि ज्वारी पहिल्या क्रमांकावर दिसली की त्यांचं समाधान होतं. मैदाच पहिला असेल तर कोणतंही नाव तुम्हाला वाचवणार नाही. आधी रेसिपी बदला.

छापण्याआधी शोध

ipindia.gov.in वरून ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट घेता येतो. नोंदणीसाठी मालाचे क्लास, म्हणजे वर्ग, पाडलेले असतात. बिस्किटं आणि धान्याचा खाऊ क्लास ३० मध्ये येतो. औषधं आणि पूरक आहार क्लास ५ मध्ये. दोन्ही खाने चाळलेत तर नावांच्या आवाजातला फरक लगेच कानात भरतो.

आधी Wordmark निवडून शोधा, मग Phonetic. LAGORI बरोबर LAGOREE, LAGAURI अशी स्पेलिंगंही टाका, कारण आवाज सारखा असला तरी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली हरकत येऊ शकते. ‘कुर’नं सुरू होणारी कुरकुरीत नावं सुचली तर तिथेच थांबा, त्या आवाजावर एक मोठा ब्रँड आधीच बसलेला आहे. ‘हेल्दी मिलेट कुकीज’सारखं निव्वळ वर्णन कलम ९ मध्ये अडकतं. खेळाचं नाव बिस्किटाला देणं इथे फायद्याचं, कारण ते मालाचं वर्णन करत नाही. पण आधीच कुणी घेतलेलं असेल तर तो फायदा संपला, म्हणून शोध सोडू नका.

नाव मोकळं दिसलं तर नोंदणीसाठी TM-A हा अर्ज. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन भरताना एका क्लाससाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी झाली की १० वर्षं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. मात्र ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर ४ महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो, तेव्हा पहिल्याच खेपेला दहा हजार पाकिटं छापून बसू नका. पाचशे साधी पाकिटं घ्या आणि त्यावर स्टिकर लावा.

त्या दोघींनी तेच केलं. पांढरं पाकीट गेलं, हिरवं पान गेलं, विटकरी आणि हळदी रंग आला. मग त्याच किराणा दुकानात पुन्हा दहा पाकिटं नेली. दुकानदारानं या वेळी काही विचारलं नाही. चिप्सच्या माळेशेजारी, लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर ठेवून दिली.