कॅश क्रेडिटचा अर्ज दोनदा परत आला, तेव्हा

सोलापुरात माझं चादरींचं दुकान आहे. धंद्यात लागतील तसे पैसे उचलता यावेत म्हणून बँकेकडे केलेला तीन लाखांच्या कॅश क्रेडिटचा अर्ज दोनदा परत आला. बँकेचा प्रश्न: ‘रक्कम कशावरून?’ नफ्याचं पत्रक, जीएसटी रिटर्न, सगळं जोडून वैतागलो. चूक साधी होती: उधारीची विक्री मी त्याच महिन्यात जमा धरत होतो.

मग महिन्यावार जमाखर्चाचा अंदाज पुन्हा मांडला आणि पैसा हातात येईल तो महिना धरला. निम्मी विक्री रोख, निम्मी पुढच्या महिन्यात. घसारा वगळला, व्याज खर्चात घेतलं. सप्टेंबरची सुरुवातीची शिल्लक १ लाख, जमा ३, खर्च साडेपाच. तूट दीड लाख. ऑक्टोबरात जमा ५, खर्च साडेपाच. तूट २ लाख. नोव्हेंबरात वसुली ६, खर्च अडीच. शिल्लक दीड लाख.

पत्रात लिहिलं: ‘मा. व्यवस्थापक साहेब, सर्वाधिक तूट २ लाख, म्हणून तेवढीच मर्यादा द्यावी. नोव्हेंबरच्या वसुलीतून ती फिटेल. उधारीची यादी सोबत जोडली आहे.’ या वेळी मंजूर झालं.