उंचावर कुकरमध्येही हरभरे कच्चे राहतात? या चुका टाळा

समुद्रसपाटीला भिजवलेले हरभरे कुकरमध्ये २० मिनिटांत मऊ होत असतील, तर ३,५०० मीटर उंचीवर २० मिनिटांनी एक दाणा चिरडून पाहा. बाहेरून शिजल्यासारखा दिसतो, पण आत टणक कण बोटाला लागतो. मग बहुतेकजण आच वाढवतात. पहिली चूक तीच.

पाण्याच्या वाफेचा दाब वरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळू लागतं. त्यापुढे दिलेली सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते, तापमान तिथेच थांबतं. समुद्रसपाटीला हे १०० अंश सेल्सिअसला घडतं. ३,५०० मीटरवर हवेचा दाब साधारण दोन-तृतीयांशच उरतो, त्यामुळे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही खळखळू दे, ८८च्या वर जात नाही.

कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो. किती वाढवतो, ते शिट्टीचं वजन ठरवतं. समजा वाफेचं छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि वजन ७० ग्रॅम. मग ते उचलायला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोचा दाब लागतो, म्हणजे आणखी एका वातावरणाइतका. समुद्रसपाटीला एकूण दाब दुप्पट होतो आणि आतलं पाणी १२० अंशांपर्यंत पोचतं. अन्न लवकर शिजतं ते या वाढलेल्या २० अंशांमुळे.

वजन उंचावरही तेवढंच असतं, पण ते बाहेरच्या दाबात भर घालतं, आणि बाहेरचाच दाब कमी झालेला असतो. म्हणून आत ११४-११५ अंशच मिळतात. फरक सहा अंशांचा वाटतो, पण शिजण्याचा वेग त्याने चांगलाच मंदावतो. नेहमीचा ठोकताळा असा: ६०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला वेळ ५ टक्के वाढवा. ३,५०० मीटरसाठी ही वाढ जवळपास निम्मी होते, म्हणजे २० ऐवजी ३० मिनिटं.

ती मिनिटं पूर्ण दाब आल्यापासून घड्याळावर मोजा. शिट्ट्या मोजू नका, कारण आच मोठी असली की त्या भराभर होतात, पण आतलं तापमान तेच राहतं आणि पाणी मात्र आटतं. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा.

वजन नंतर बसवायचा कुकर असेल, तर घाई हमखास नडते. छिद्रातून वाफेची सलग धार येऊ द्या, मगच वजन ठेवा. आत हवा अडकली तर दाबातला काही वाटा हवेचा असतो. वजन हलतं, शिट्टी होते, पण वाफ हवी तितकी तापलेली नसते.

तापमान वाढावं म्हणून शिट्टीवर जादा वजन मात्र कधीच ठेवू नका, त्याने कुकर फुटू शकतो. दाणा चिरडल्यावर अजून कण लागला, तर झाकण लावून पूर्ण दाबावर आणखी ५ मिनिटं द्या.